शाखा बंद पडली तेव्हा काय केलंत? नेटवर्क इंजिनिअरचा रेझ्युमे सपोर्टच्या जाहिरातीसमोर ठेवून

प्रश्न: सर, मी कोल्हापुरात एका सिस्टीम इंटिग्रेटरकडे चार वर्षं नेटवर्क इंजिनिअर आहे. एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयाचं आणि 22 शाखांचं नेटवर्क बघतो. कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इन्फ्रास्ट्रक्चर सपोर्ट इंजिनिअरची जागा निघालीय. जाहिरातीत व्हॅलिड सीसीएनए, ओएसपीएफ-बीजीपीचा अनुभव, मॉनिटरिंग टूल कॉन्फिगर करता येणं आणि पी1-पी2 इन्सिडेंट हाताळून आरसीए लिहिणं मागितलंय. माझं सीसीएनए मार्च 2021 चं आहे. रेझ्युमे जोडलाय. तो पुरेल का? गारगोटीच्या शाखेत बॅकअप टनेल चालू असूनही शाखा बंद होती, ते मी शोधून काढलं होतं. असलं काही रेझ्युमेत लिहितात का?

उत्तर:

आहे तसा पाठवलात तर पुरणार नाही. तुमचं काम या जागेला पुरेसं आहे, पण कागदावर ते दिसत नाही. गारगोटीचा जो प्रसंग तुम्ही जाता जाता विचारलात, तो रेझ्युमेत कुठेच नाही, आणि माझ्या मते तुमच्याकडची सगळ्यात वजनदार गोष्ट तीच आहे. सपोर्टच्या जागेसाठी मी मुलाखती घेतो तेव्हा एकाच गोष्टीचा अंदाज बांधत असतो: रात्री दोन वाजता काहीतरी बंद पडलं, तर हा माणूस पहिल्या दहा मिनिटांत काय बघेल? सर्टिफिकेट, टूल आणि इन्सिडेंट हे जाहिरातीतले तीन वेगळे मुद्दे दिसतात खरे, पण तिन्ही याच प्रश्नाकडे जातात.

तपासण्याची माझी पद्धत साधी आहे. जाहिरातीतली प्रत्येक अट एका ओळीत लिहायची आणि तिच्यासमोर रेझ्युमेतलं असं वाक्य शोधायचं, ज्यावरून ती अट पूर्ण होते हे परक्या माणसाला पटेल. 'स्किल्स' या मथळ्याखाली पडलेला नुसता शब्द मी पुरावा मानत नाही. या पद्धतीने पाहिलं, तर तुमच्या रेझ्युमेत ओएसपीएफ हा शब्द एकदा, बीजीपी एकदा, झॅबिक्स एकदा आणि 'एसएलएच्या आत इन्सिडेंट सोडवले' हे वाक्य एकदा आहे. चारही अटींना शब्द आहे, पुरावा एकीलाही नाही.

आधी सर्टिफिकेटचं बघू, कारण तिथे तातडीने दुरुस्ती हवी आहे.

तुमच्या रेझ्युमेत वरच 'सीसीएनए सर्टिफाइड' असं ठळक लिहिलंय आणि तारीख नाही. सीसीएनए तीन वर्षं चालतं. मार्च 2021 चं तुमचं सर्टिफिकेट मार्च 2024 मध्ये संपलं. मधल्या काळात तुम्ही ते रिन्यू केलं असतं, म्हणजे 30 कंटिन्युइंग एज्युकेशन क्रेडिट जमवले असते किंवा वरच्या पातळीची एखादी परीक्षा दिली असती, तर गोष्ट वेगळी. तसं काही तुमच्या कागदांत दिसत नाही. जाहिरातीत 'व्हॅलिड' हा शब्द आहे आणि डिजिटल बॅजच्या लिंकवर संपल्याची तारीख कोणालाही दिसते. कारखान्याच्या एचआरने ती लिंक मागितली, तर पहिल्याच पायरीवर 'यानं लपवलं' असा शिक्का बसेल, आणि तो पुढे कितीही चांगल्या उत्तरांनी पुसला जात नाही. म्हणून ओळ अशी करा: 'सीसीएनए (200-301), मार्च 2021 ते मार्च 2024, पुन्हा परीक्षा अमुक तारखेला'. शेवटचा तुकडा तारीख खरोखर बुक केली असेल तरच लिहायचा.

खालच्या 'सीसीएनपी ट्रेनिंग पूर्ण' या ओळीबद्दलही तेच. ती सर्टिफिकेशनच्या यादीत आहे, ती तिथून काढून प्रशिक्षणात टाका. सीसीएनपी एंटरप्राइझ म्हणजे दोन परीक्षा: कोअर म्हणजे एन्कोर (350-401) आणि तिच्या जोडीला एक कॉन्सन्ट्रेशन, उदाहरणार्थ एनारसी (300-410). क्लास पूर्ण केल्याने यांतली एकही होत नाही, आणि यादीत ती ओळ बघून समोरचा तांत्रिक माणूस गोंधळतो किंवा चिडतो.

आता इथे एक गोष्ट अशी आहे, जी बहुतेक उमेदवारांच्या आणि जाहिरात लिहिणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. सीसीएनए 200-301 च्या अभ्यासक्रमात राउटिंग म्हणजे राउटिंग टेबल वाचणं, स्टॅटिक रूट आणि सिंगल एरिया ओएसपीएफ एवढंच आहे. बीजीपी कॉन्फिगर करणं त्यात नाही. जाहिरातीत मात्र सीसीएनए आणि बीजीपीचा अनुभव एकाच ओळीत मागितलाय. म्हणजे उद्या तुमचं सीसीएनए ताजं असतं, तरी त्याने बीजीपीची अट सुटली नसती. ती अट अनुभवाच्या ओळीनेच सोडवावी लागणार.

आणि तो अनुभव तुमच्याकडे आहे. विचारल्यावर तुम्ही जी रचना सांगितलीत ती अशी: प्रत्येक शाखेत प्रोव्हायडरची एमपीएलएस लाइन, तिच्यावर प्रोव्हायडरच्या राउटरशी ईबीजीपी. बॅकअपला स्थानिक ब्रॉडबँड, त्यावर मुख्य कार्यालयापर्यंत आयपीसेकने सुरक्षित केलेलं जीआरई टनेल, आणि टनेलवर ओएसपीएफ. सिस्को राउटरवर ईबीजीपीच्या रूटचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स 20 आणि ओएसपीएफचं 110. म्हणून दोन्हीकडून एकच रूट आला, तर एमपीएलएस जिंकते. ती गेली की टनेलचा रूट आपोआप टेबलात चढतो. ही रचना तुम्ही चार वर्षं सांभाळताय. मग नुसतं 'ओएसपीएफ, बीजीपी' का लिहिलंत? त्याऐवजी लिहा: '22 शाखांसाठी प्रायमरी एमपीएलएसवर ईबीजीपी आणि बॅकअप जीआरई-आयपीसेक टनेलवर ओएसपीएफ, फेलओव्हरची चाचणी आणि दुरुस्ती'. (मी मराठीत लिहितोय, रेझ्युमेत हे इंग्रजीत उतरवा.)

फक्त मर्यादा ओलांडू नका. तुम्ही प्रत्येक ठिकाणी प्रोव्हायडरशी एकच पिअरिंग बघितलंय. रूट-मॅप लावून दोन प्रोव्हायडरमध्ये ट्रॅफिक वाटणं, लोकल प्रेफरन्स, एएस-पाथ प्रीपेंड हे तुम्ही केलेलं नाही. 'बीजीपी एक्सपर्ट' असं लिहिलंत तर याच गोष्टी विचारल्या जातील. सपोर्टच्या जागेला त्या बहुधा लागणारही नाहीत. तिथे पिअर खाली गेल्यावर होल्ड टायमर संपला, का इंटरफेस पडला, का समोरच्याने सेशन बंद केलं, हे ओळखता आलं पाहिजे. ते तुम्हाला येतं.

परीक्षेबाबत माझं मत विचाराल, तर या जाहिरातीसाठी 200-301 च पुन्हा द्या. एन्कोर दिलीत तर एंटरप्राइझ कोअरचं स्पेशालिस्ट सर्टिफिकेट मिळेल, पण संपलेलं सीसीएनए त्याने परत येत नाही, आणि चाळणी लावणारा माणूस 'सीसीएनए' हा शब्दच शोधणार. मात्र अर्ज परीक्षेसाठी थांबवू नका.

मॉनिटरिंगकडे येतो. तुमची ओळ आहे: 'झॅबिक्सवर मॉनिटरिंग'. हे वाचून दोन अगदी वेगळी माणसं डोळ्यासमोर येतात. एकजण भिंतीवरच्या स्क्रीनकडे बघतो आणि काही लाल झालं की फोन लावतो. दुसरा ठरवतो की काय लाल व्हायला हवं, कधी व्हायला हवं आणि कोणाला कळायला हवं. जाहिरातीत 'कॉन्फिगर' हा शब्द आहे, म्हणजे त्यांना दुसरा हवाय. तुम्ही कोण आहात?

तुम्ही सांगितलेल्या तपशिलावरून तुम्ही दुसऱ्या प्रकारचे आहात. शाखांचे राउटर तुम्ही एसएनएमपीने जोडलेत. मुख्य कार्यालयाची लाइन गेली की 22 शाखांचे 22 अलार्म वाजायचे, म्हणून तुम्ही ट्रिगर डिपेंडन्सी लावलीत आणि आता एकच अलार्म वाजतो. ज्याने रात्रपाळी केली आहे त्याला या एका वाक्याची किंमत लगेच कळते. अलार्मच्या पुरात खरा अलार्म वाहून जातो, आणि हा पूर थांबवणारा माणूस सपोर्ट टीमला हवाच असतो. हे रेझ्युमेत एक पूर्ण ओळ म्हणून यायला हवं.

जाहिरातीतल्या टूलचं नाव तुमच्या टूलपेक्षा वेगळं असेल तर घाबरू नका. त्यांनी पीआरटीजी लिहिलंय, तुम्ही झॅबिक्स वापरता. दोन्हींच्या पोटात तेच आहे: एसएनएमपीने यूडीपी 161 वर विचारायचं, 162 वर आलेले ट्रॅप घ्यायचे, सिसलॉग गोळा करायचे, मर्यादा ठरवायची. न वापरलेलं पीआरटीजी यादीत घालण्यापेक्षा 'एसएनएमपी v3, सिसलॉग, थ्रेशोल्ड आणि डिपेंडन्सी (झॅबिक्स)' असं लिहा. टूल चार दिवसांत शिकता येतं, त्यामागचं हे काम शिकायला वेळ लागतो, आणि मुलाखत घेणाऱ्याला ते माहीत असतं.

आता गारगोटी. हा प्रसंग मी पूर्ण उलगडून लिहितो, कारण रेझ्युमेतली तीन वाक्यं यातूनच निघणार आहेत.

सकाळी 10:20 ला रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली आणि शाखेची एमपीएलएस गेली. झॅबिक्सवर प्रायमरी लाल, बॅकअप टनेल हिरवं. म्हणजे शाखा बॅकअपवर चालायला हवी होती. पण 10:25 ला शाखेतून फोन आला की कोअर बँकिंग उघडत नाही. पहिल्या फळीतल्या मुलाने टनेलच्या पलीकडचा पत्ता पिंग केला, उत्तर आलं, आणि त्याने 'नेटवर्क ठीक, सर्व्हर टीमकडे पाठवा' असं तिकिटात लिहिलं. तिथे पंधरा मिनिटं गेली. तिकीट तुमच्याकडे आलं तेव्हा तुम्ही पिंग सोडून राउटिंगकडे गेलात, आणि माझ्या लेखी याच ठिकाणी तुम्ही ही नोकरी कमावलीत. तुम्ही दोन्ही टोकांना हे चालवलंत:

```
show ip ospf neighbor
show ip interface Tunnel0 | include MTU
```

शेजारी राउटर `FULL` मध्ये नव्हताच. एका टोकाला `EXSTART`, दुसऱ्याला `EXCHANGE`. हेलो पॅकेट लहान असतात, ती जात होती, म्हणून दोघांना एकमेकांची ओळख होती. पण पुढच्या टप्प्यात दोन्ही राउटर आपापल्या डेटाबेसची यादी पाठवतात, आणि त्या पॅकेटात स्वतःच्या इंटरफेसचं एमटीयू लिहिलेलं असतं. समोरच्याचं एमटीयू आपल्यापेक्षा मोठं दिसलं, की राउटर ते पॅकेट नाकारतो. मुख्य कार्यालयाकडे टनेलवर 1400 लावलेलं होतं. शाखेचा राउटर दोन महिन्यांपूर्वी बदलला होता आणि नव्यावर ती ओळ टाकायची राहिली होती, म्हणून तिथे जीआरईचं नेहमीचं 1476 होतं, म्हणजे 1500 मधून 24 बाइट वजा. दुरुस्ती शाखेच्या बाजूला दोन ओळींची:

```
interface Tunnel0
 ip mtu 1400
 ip tcp adjust-mss 1360
```

शेजारी `FULL` झाला, रूट आले, 11:10 ला शाखेने व्यवहार सुरू केले. फायबर संध्याकाळी जोडली गेली, पण तिच्यासाठी शाखेला थांबावं लागलं नाही.

इथपर्यंत चांगला इंजिनिअर पोहोचतो. तुम्ही त्यापुढे जो प्रश्न विचारलात, तो आरसीएचा गाभा आहे: दोन महिने हे शेजारीपण जुळलेलंच नव्हतं, मग कोणालाच कसं कळलं नाही? त्याची दोन कारणं तुम्हाला सापडली. पहिलं, झॅबिक्स टनेलला फक्त पिंग करत होता. पिंगला राउटिंग लागतंच असं नाही. टनेलचे दोन पत्ते एकमेकांना थेट जोडलेले असतात. दुसरं कारण जास्त शिकवणारं आहे. अशा वेळी ओएसपीएफ ठरावीक वेळा पॅकेट पुन्हा पाठवून शेवटी दमतो आणि लॉगमध्ये `%OSPF-5-ADJCHG` असा संदेश टाकतो, त्यात 'टू मेनी रीट्रान्समिशन्स' हे कारणही येतं. शाखेचा राउटर तो संदेश तयार करत होता. पण तुमच्याकडे गोंगाट कमी करायला कोणीतरी `logging trap warnings` लावलं होतं. त्याने 0 ते 4 पातळीचेच संदेश सर्व्हरकडे जातात. संदेशाच्या नावातला 5 हा आकडा म्हणजे त्याची पातळी. दोन महिने राउटर सांगत होता आणि ऐकणाऱ्याने कान बंद ठेवले होते. लक्षात घ्या, बीजीपीचा शेजारी खाली गेल्याचा संदेशही पाचव्याच पातळीचा असतो, त्यामुळे तोही याच चाळणीत अडकला असता.

तुम्ही त्यावर तीन गोष्टी केल्यात. लॉगची पातळी `notifications` केलीत. झॅबिक्समध्ये ओएसपीएफ शेजाऱ्याची अवस्था वाचायला लावलीत, म्हणजे `1.3.6.1.2.1.14.10.1.6` हा ओआयडी, आणि किंमत 8 म्हणजे `FULL` नसेल तर अलार्म. (टनेलवर दोनच राउटर असल्याने हे चालतं. एकाच स्विचवर चार-पाच राउटर असतील, तर त्यांतल्या काही जोड्या 4 म्हणजे `2WAY` वर थांबतात आणि ते बरोबरच असतं. तिथे हाच ट्रिगर खोटा ओरडेल. मुलाखतीत हे स्वतःहून सांगा.) आणि तिसरं, उरलेल्या 21 शाखा तपासल्यात, तेव्हा आणखी तीन ठिकाणी हाच फरक सापडला. त्या तीन शाखांची लाइन अजून तुटलेली नव्हती, एवढंच.

आता रेझ्युमेतल्या ओळी. 'एसएलएच्या आत इन्सिडेंट सोडवले' हे काढून टाका आणि त्या जागी हे घाला:

'पी2 इन्सिडेंट: प्रायमरी लाइन तुटल्यावर बॅकअप टनेल वर असूनही शाखा बंद. ओएसपीएफ एमटीयू तफावत शोधून 50 मिनिटांत सेवा सुरू.'

'आरसीए: पिंग-आधारित मॉनिटरिंग आणि सिसलॉग पातळीतील त्रुटी दाखवली. ओएसपीएफ शेजारी अवस्थेचे मॉनिटरिंग सुरू केले.'

'22 शाखांच्या कॉन्फिगरेशनची तपासणी. बिघाडापूर्वीच आणखी 3 शाखांत तोच दोष दूर.'

या तीन ओळींत राउटिंग आहे, टूल आहे, इन्सिडेंट आहे, आरसीए आहे. जाहिरातीतल्या चारांपैकी तीन अटी इथे पुराव्यासह सुटतात, आणि त्याही एकमेकींत गुंफलेल्या. पहिल्या ओळीत 'पी2' का, 'पी1' का नाही? एक शाखा पूर्ण बंद आणि बाकी बँक चालू, हे तुमच्याकडच्या वर्गवारीत पी2 आहे. त्याला पी1 करून फुगवू नका. मुलाखतीत 'तुमच्याकडे पी1 कशाला म्हणतात' हा प्रश्न जवळजवळ नक्की येतो, आणि परिणाम किती लोकांवर आणि घाई किती, या दोन अक्षांवर प्राधान्य ठरतं, हे तुम्हाला सरळ सांगता आलं पाहिजे.

50 मिनिटं हा आकडा तिकिटातून पुन्हा पडताळा. मोजणी कुठून कुठवर, हेही ठरवून ठेवा: 10:20 ला लाइन गेल्यापासून 11:10 ला व्यवहार सुरू होईपर्यंत. तुमच्या हातात तिकीट आल्यापासून मोजलं तर वेळ कमी भरेल, पण शाखेतल्या माणसासाठी बंद 10:20 लाच झालं होतं. आकडा ग्राहकाच्या बाजूने मोजलेला असला की समोरचा तांत्रिक माणूस मान डोलावतो. आणि पहिल्या फळीत गेलेल्या पंधरा मिनिटांवर कोणावर खापर फोडू नका. 'पहिल्या फळीच्या चेकलिस्टमध्ये शेजारी अवस्था नव्हती, ती घातली' एवढं सांगितलं की पुरतं. ही चेकलिस्ट तुम्ही खरंच बदलली असेल, तर तीही चौथी ओळ होऊ शकते.

बँकेचं नाव, शाखेचं नाव, आयपी पत्ते रेझ्युमेत टाकू नका. 'सहकारी बँक, 22 शाखा' पुरेसं आहे. तुमच्या जोडलेल्या रेझ्युमेत नेटवर्कचा आराखडा चित्र म्हणून आहे आणि त्यात मुख्य कार्यालयाचा सार्वजनिक आयपी दिसतोय. तो आजच काढा. जो माणूस आजच्या ग्राहकाचा आराखडा वाटत फिरतो, तो उद्या आमचाही वाटेल, असं कारखान्याच्या आयटी प्रमुखाला वाटणं अगदी साहजिक आहे.

एक भर सुचवतो. तारखांवरून दिसतं की जुलै 2021 च्या महापुरात तुम्ही नोकरीला लागलेला होतात. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा नदीपलीकडच्या शाखेपर्यंत माणूस पाठवणं शक्य नव्हतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. त्यानंतरच्या पावसाळ्यांत 39 फुटांची बातमी आली की बॅकअप लाइनची चाचणी घेणं, यूपीएसच्या बॅटऱ्या बघणं, सुटा राउटर आधीच नदीपलीकडे ठेवणं, असं काही तुमच्या टीमने लिखित स्वरूपात ठरवलं असेल, तर ते नक्की घाला. कागलचा कारखानाही याच जिल्ह्यात आहे. त्यांची माणसं, माल आणि लाइनी याच रस्त्यांवरून येतात, त्यामुळे पुण्यातल्या उमेदवाराकडे नसलेली ही ओळ ते दोनदा वाचतील. केलं नसेल तर लिहू नका.

जाहिरातीचा जो भाग तुम्ही प्रश्नात लिहिला नाहीत पण जोडलेल्या फोटोत दिसतो, तो म्हणजे विंडोज सर्व्हर, ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि व्हीएमवेअरची प्राथमिक माहिती. पद 'इन्फ्रास्ट्रक्चर सपोर्ट' आहे, म्हणजे नेटवर्क हा त्यातला एक तुकडा. तुमचा रेझ्युमे इथे पूर्ण गप्प आहे. डीएचसीपी स्कोप, डीएनएस नोंदी, युजर लॉक होणं, एवढं तर शाखांसाठी तुम्ही केलंच असणार. केलेलं तेवढं एका ओळीत लिहा. व्हीएमवेअर येत नसेल तर ती जागा रिकामी सोडा. जाहिरातीत ते 'असल्यास उत्तम' या भागात आहे. पाळी करण्याची तयारी मात्र 'आवश्यक' मध्ये आहे, तेव्हा रात्रपाळीचा अनुभव वरच्या चार ओळींतच येऊ द्या.

मांडणीबद्दल थोडक्यात. कौशल्यांसमोरच्या 80 टक्के, 90 टक्के अशा पट्ट्या काढा. 'ओएसपीएफ 90 टक्के' याचा अर्थ कोणालाच लावता येत नाही. तक्ते आणि चिन्हं काढून साधा मजकूर ठेवा, कारण अर्ज घेणाऱ्या पोर्टलला तक्त्यातला मजकूर नेहमी नीट वाचता येत नाही. दोन पानं पुरेत. गारगोटीच्या ओळी पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्यात हव्यात.

आणि गारगोटी लिहिलंत की एक प्रश्न येणारच, त्याची तयारी करून जा: 'एमटीयू जुळवण्याऐवजी `ip ospf mtu-ignore` का नाही लावलं? एका ओळीत काम झालं असतं.' उत्तर असं की त्या कमांडने राउटर फक्त तपासणी सोडून देतो. शेजारी बहुधा जुळला असता, अलार्म हिरवा झाला असता, पण दोन टोकांचं एमटीयू वेगळंच राहिलं असतं. मग शाखेकडून 1400 पेक्षा मोठी पॅकेट निघून आयपीसेकचं ओझं चढल्यावर वाटेत तुकडे होतात किंवा टाकून दिली जातात, आणि तक्रार अशी येते की लॉगिन होतं, छोटे व्यवहार होतात, पण शाखेतून मोठी फाइल पाठवताना स्क्रीन अडकते. ते शोधायला 50 मिनिटं पुरत नाहीत. हे उत्तर तुम्ही स्वतःच्या शब्दांत, जमलं तर कागदावर दोन राउटर काढून दिलंत, तर संपलेल्या सर्टिफिकेटचा विषय निघाला तरी तो तिथेच मिटण्याची शक्यता बरीच आहे.